पहिला माणूस कामावर घेताना: आमची जाहिरात, आमचे निकष आणि ४६ अर्ज

सांगलीत माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपीठ भाजणी आणि शेंगदाणा चटणी एवढीच चार उत्पादनं, बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॅपवर येतात आणि कुरियरने जातात. सहा वर्षं मी एकटीने आणि सुट्टीच्या दिवशी नवऱ्याच्या मदतीने चालवलं. २०२३ च्या दिवाळीत मात्र एका आठवड्यात अकरा पार्सलं चुकीची गेली, भाजणी मागवलेल्याला मेतकूट आणि मेतकूटवाल्याला अर्धा किलोऐवजी पाव किलो असं, आणि तेव्हाच ठरवलं की मार्चमध्ये मिरचीचा सीझन सुरू व्हायच्या आत एक माणूस पगारावर घ्यायचाच.

माणूस कसा घ्यायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दोघांच्याही घरी नोकऱ्याच, कुणी कधी कुणाला नोकरी दिलेली नाही. म्हणून जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये काय काय केलं ते तारखांसकट लिहितेय. अगदी पहिल्यांदाच एखादा माणूस घेणाऱ्यांना उपयोग होईल, मोठ्या कंपन्यांचं मला माहीत नाही.

१ जानेवारीला संध्याकाळी बसून मी जाहिरातीचा पहिला मसुदा लिहिला. तो अजून वहीत आहे, जसाच्या तसा देते: "घरगुती खाद्य व्यवसायासाठी हुशार, मेहनती मुलगी पाहिजे. वय २२ ते ३०, अविवाहित असल्यास प्राधान्य. पदवीधर. टॅली, एक्सेल, इन्स्टाग्राम येणे आवश्यक. स्वयंपाकाची आवड. टू व्हीलर लायसन्स. संवादकौशल्य उत्तम. पगार मुलाखतीनंतर." मला तेव्हा ते छान वाटलं होतं.

माझी नणंद निवृत्त मुख्याध्यापिका आहे, दहावी-बारावीचे पेपर तपासण्यात आणि मॉडरेशनमध्ये तिची कितीतरी वर्षं गेली. तिला मसुदा दाखवला. तिने वाचला आणि विचारलं, "अगं, हे तीन माणसांचं काम आहे. यातलं तुला रोज नक्की काय नकोसं होतं?" मी म्हटलं, ताई, सगळंच. ती म्हणाली मग आधी लिहून काढ, दोन आठवडे, दर अर्ध्या तासाला काय करत होतीस ते. मला कंटाळा आलेला, पण केलं.

८ ते २० जानेवारी, रविवार सोडून बारा दिवस. शंभर पानी वही ओट्यावर ठेवली, पेन दोरीने बांधलं (नाहीतर मुलगी घेऊन जाते) आणि दर अर्ध्या तासाला एक शब्द लिहायचा, पॅकिंग, भाजणं, कुरियर, मेसेज, बाजार, हिशोब. बारा दिवसांत १३२ तास भरले. त्यात पॅकिंग, वजन आणि लेबल ४१ तास, ऑर्डरी टिपून घेणं, पेमेंट जुळवणं आणि कुरियर २९ तास, प्रत्यक्ष भाजणं आणि डंकावर जाऊन कांडून आणणं २७, गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं १५, बाजारहाट १२ आणि हिशोब फक्त ८.

हे बघून मी बराच वेळ गप्प बसले, कारण मी टॅली येणारी आणि इन्स्टाग्राम सांभाळणारी मुलगी शोधत होते, आणि हिशोबाला माझे दोन आठवड्यात आठ तास जात होते आणि इन्स्टाग्रामला तर वेगळा रकाना करण्याइतकेही नाहीत. वेळ खात होतं ते पॅकिंग आणि ऑर्डरी, मिळून ७० तास, म्हणजे आठवड्याला ३५. त्यात मेसेजचे साडेसात घातले की साडेबेचाळीस, आणि एका माणसाचा आठवडा बरोबर भरतो. अकरा चुकीची पार्सलं पण इथलीच. भाजणं मात्र मला माझ्याच हातात ठेवायचं होतं, चव तिथे आहे. म्हणजे कामाचं वर्णन त्या वहीतूनच निघालं, मला नवीन काही सुचवावं लागलं नाही. ज्यांना जाहिरात लिहायची आहे त्यांनी ही वही आधी ठेवावीच. आणि गर्दीचे दिवस सोडून साधे दिवस निवडा, दिवाळीत ठेवली असती तर माझ्या वहीत नुसतं पॅकिंगच दिसलं असतं.

मग पगार. माझ्या डोक्यात ११,००० होते. आमच्या करसल्लागारांनी सांगितलं की माणूस एक असला तरी किमान वेतन बघावं लागतं. राज्याचे दर उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगवेगळे असतात आणि मूळ दरावर विशेष भत्ता धरायचा असतो, तो दर सहा महिन्यांनी बदलतो. मी मूळ दर वाचून खूश झाले होते, भत्ता धरल्यावर माझे ११,००० कमी पडत होते. १४,५०० ठरवले. एवढ्या माणसांवर पीएफ, ईएसआय लागू नव्हतं. दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले की नोंदणी न करता फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती, ती मी आधीच दिली होती. व्यवसायकराचं असं की पुरुष असला तर या पगारावर महिन्याला २०० रुपये कापून भरायचे (फेब्रुवारीत ३००) आणि त्यासाठी माझी वेगळी नोंदणी, बाई असली तर २५,००० पगारापर्यंत माफ. करसल्लागार म्हणाले बाईच घ्या म्हणजे तुमचा कागद वाचेल. मी ते निकषात धरलं नाही, दरमहा एका चलनासाठी कोण कामाला येणार हे ठरवणं मला पटलं नाही.

आता मसुद्यातली एकेक अट घेऊन ताई विचारायची, "ही कशासाठी?" अविवाहित कशासाठी, तर मला भीती होती की लग्न झालेली बाई मुलं आजारी पडली की येणार नाही. मग ताई म्हणाली तुला हवंय ते म्हणजे ठरलेल्या वेळेला रोज येणं, तेच लिही, अविवाहित मुलगी पण लग्न ठरलं की जाणारच आहे ना. वय २२ ते ३० कशासाठी, तर पोती उचलावी लागतात. मिरचीचं पोतं २५-३० किलोचं असतं पण ते उतरवायला हमाल असतो, आत आणायला आम्ही ३,२०० ची ट्रॉली आणली होती, पॅकिंगच्या टेबलावर जास्तीत जास्त पाच किलोचा डबा उचलायचा असतो. वय गेलं. पदवीधर कशासाठी, याला माझ्याकडे उत्तरच नव्हतं, सगळे लिहितात म्हणून लिहिलेलं. लायसन्स, तर कुरियरवाला घरी येतो, लायसन्स गेलं. स्वयंपाकाची आवड, तर भाजणार मी आहे. एक्सेलला मी अडून बसले, कारण ऑर्डरी मी शीटवर घेते. तेव्हा ताईने विचारलं, "तुझी शीट शिकवायला किती दिवस लागतील?" सात रकाने आहेत, चार दिवस. मग आम्ही नियमच केला, जे दोन आठवड्यांत शिकवता येतं ते निकषात घ्यायचं नाही. त्या एका नियमाने अर्धी जाहिरात उडाली.

२ फेब्रुवारीला पक्का झालेला मजकूर असा:

"पद: ऑर्डर आणि पॅकिंग सहाय्यक. जागा एक, स्त्री किंवा पुरुष. सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. दिवाळीआधी तीन आठवडे ७ पर्यंत थांबावं लागेल, त्याचे जादा पैसे मिळतील. पगार दरमहा १४,५००, पहिल्या महिन्यापासून.

रोजचं काम: साधारण चार तास वजन करून पाकिटं भरणं, सील करणं, बॅच नंबर आणि तारखेचं लेबल लावणं. अडीच तास ऑर्डरी नोंदवणं, पेमेंट जुळवणं, पार्सलवर पत्ते लावून कुरियरला देणं. एक तास गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं. तीन महिन्यांनंतर अपेक्षा अशी की दुपारी ३ पर्यंत पैसे जमा झालेली ऑर्डर त्याच दिवशी बरोबर मालासह निघावी.

आधीच सांगायच्या गोष्टी: काम आमच्या राहत्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत आहे. मसाल्याचा धुरळा आणि वास असतो, मास्क, टोपी आणि ॲप्रन आम्ही देतो. बराच वेळ उभं राहावं लागतं. घरातली कुठलीही कामं सांगितली जाणार नाहीत. निवड झाल्यावर खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी करावी लागेल, खर्च आमचा.

येणं आवश्यक: मराठी लिहिता-वाचता येणं, इंग्रजीतला पत्ता वाचता येणं. शीट, वजनकाटा, सीलिंग मशीन आम्ही शिकवू."

घरातली कामं सांगणार नाही ही ओळ लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. आमच्याकडे धुणं-भांड्याला येतात त्या मावशींनी मसुदा ऐकला आणि म्हणाल्या, "वैनी, घरात कामाला बोलावलं की हळूच म्हणत्यात दोन भाकऱ्या थाप, पोराला शाळेतनं आण. ते लिवा." लिहिलं. नंतर फोन करणाऱ्यांपैकी निदान आठ-नऊ जणींनी पहिला प्रश्न हाच विचारला, की हे खरं आहे ना. घरातून व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ घालावी आणि मग पाळावी, अगदी दूध उतू जात असलं तरी आपणच धावायचं.

वैद्यकीय तपासणीचं म्हणजे, अन्नसुरक्षेच्या नियमांत माल हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी करून प्रमाणपत्र ठेवायचं असतं. ती निवडीनंतर करायची. अर्जात आजार विचारायचे नाहीत असं आम्ही ठरवलं, त्याऐवजी धुरळ्याचं काम जसं आहे तसं लिहिलं म्हणजे ज्याचं त्याला ठरवता येतं. तीन जणींनी तेवढं वाचून आपणहून कळवलं की नाही जमणार.

बायोडेटा मागवायचा नाही हे पण ठरवलं. सायबर कॅफेतले बायोडेटा सगळे एकसारखे असतात, हार्ड वर्किंग, ऑनेस्ट, छंद वाचन, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी व्हॉट्सॅपवर लिहून पाठवायचे चार प्रश्न. एक, दिलेली वेळ जमेल का. दोन, रोजच्या नोंदी, हिशोब किंवा स्टॉक लिहायचं काम कधी केलंय का, काय लिहायचात, किती दिवस. तीन, खाण्याच्या वस्तू भरण्याचं किंवा विकण्याचं काम केलंय का, स्वच्छतेसाठी काय काय पाळायचात. चार, एका गिऱ्हाइकाचा मेसेज आलाय की "दोन पाकिटं मागवली होती एकच आलं, पैसे दोनचे घेतलेत", त्याला तीन-चार ओळीत उत्तर लिहा.

निकष मात्र जाहिरात द्यायच्या आधी लिहून ठेवले, ४ फेब्रुवारीला, आणि त्या कागदावर ताईने तारीख टाकून सही केली. मला ते जरा जास्तच वाटलं होतं, पण अर्ज यायला लागल्यावर कळलं ते कशासाठी. प्रत्येक चांगला अर्ज वाचला की मनात निकष सरकतात, कुणी टायपिंग केलंय म्हटलं की वाटतं अरे टायपिंग पण हवंच होतं.

निकष असे. आधी हो-नाहीच्या दोन अटी, वेळ आणि लिहिणं-वाचणं. यात नापास तर पुढे बघायचं नाही. मग गुण. नोंदी ठेवण्याचा अनुभव ० ते ३ आणि त्याची दुप्पट, कारण आमची खरी अडचण चुका ही होती. खाद्यपदार्थांची स्वच्छता ० ते ३. गिऱ्हाइकाशी लेखी बोलणं ० ते ३. एकूण १२. आठ किंवा जास्त असेल त्याला प्रत्यक्ष कामाच्या चाचणीला बोलवायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे नुसतं "केलंय", दोन म्हणजे कुठे आणि किती दिवस ते सांगितलंय, तीन म्हणजे नेमकं काय करायचे ते दिसतंय, जसं की रोज इतक्या नोंदी, महिनाअखेर अमुक जुळवायचे.

यात एक शब्द फार महत्त्वाचा ठरला. मी "नोकरीचा अनुभव" लिहिलं होतं, ताईने ते खोडून "नोंदी ठेवण्याचा अनुभव, नोकरीतला किंवा नोकरीबाहेरचा" केलं. त्याचं पुढे सांगते.

५ फेब्रुवारीला जाहिरात बाहेर पडली, मुदत १५ पर्यंत. स्थानिक पेपरात छोटी जाहिरात ६४० रुपये, त्यात पूर्ण मजकूर मावत नाही म्हणून फक्त पद, वेळ, पगार आणि व्हॉट्सॅप नंबर. नंबरवर मेसेज आला की पूर्ण वर्णन आणि चार प्रश्न पाठवायचे. १८० रुपयांच्या प्रिंट काढून दोन किराणा दुकानं, एक पिठाची गिरणी, एक वाचनालय आणि बचत गटांच्या बैठका होतात त्या समाजमंदिरात लावल्या. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर पण टाकली, तिथून तीन अर्ज आले. सगळ्यात जास्त आले ते गिरणी आणि समाजमंदिरातून. नंबर नवीन सिमचा घ्या, मी धंद्याचाच दिला आणि दहा दिवस ऑर्डरी आणि अर्ज एकमेकांत मिसळले, एका काकूंना मेतकुटाच्या दराऐवजी चार प्रश्न गेले.

एकूण ४६ जणांनी अर्ज केले. नऊ जणांनी प्रश्नांची उत्तरं न देता नुसता बायोडेटा किंवा "इंटरेस्टेड" पाठवलं, त्यांना एकदाच आठवण केली, चौघांनी उत्तरं दिली. राहिले ४१. माझ्या मुलीने सगळे अर्ज वहीत उतरवले, नाव, आडनाव, गाव, फोटो काही न घेता नुसता क्रमांक आणि उत्तरं. तिला दोन दिवस लागले. आडनाव दिसलं की आपल्या नकळत काहीतरी होतं हे मला कबूल आहे, आणि शिवाय मला माहीत होतं की यात सासूबाईंच्या मामींची भाची आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार. पहिल्या दोन अटींत १४ गेले, नऊ वेळेमुळे आणि पाच इंग्रजी पत्त्यांमुळे. राहिले २७. ताई म्हणाली सगळे एकदम तपासायचे नाहीत, आधी दहा घे, तू वेगळे गुण दे, मी वेगळे देते, मग जुळवू, बोर्डात गुणदानाची बैठक अशीच असते. जुळवलं तर दहापैकी चार अर्जांत आमच्यात तीन किंवा जास्त गुणांचा फरक! बघायला गेलो तर बरीचशी तफावत लेखी बोलण्याच्या प्रश्नात. मी गोड भाषेला गुण देत होते, "ताई खूप खूप सॉरी, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत" याला मी तीन दिले होते आणि ताईने एक, कारण त्यात पाकीट कधी मिळणार हेच नव्हतं. तिचं बरोबर होतं. मग तीनचा अर्थ लिहून काढला: चूक मान्य, पार्सलचा फोटो किंवा ऑर्डरची तारीख मागितलीय, आणि पुढे काय होणार आणि कधी हे सांगितलंय. असं लिहिल्यावर तेच दहा पुन्हा तपासले, फरक एका गुणाच्या वर गेला नाही. मग उरलेले १७. संध्याकाळी साडेसहाला संपलं, मधे दोनदा चहा.

दोघांनी वेगवेगळं तपासणं हे मला या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वाटलं. माणसं वाईट नसतात, निकषाचं वाक्य ढिसाळ असतं, आणि ते एकट्याने तपासताना कळत नाही कारण आपल्या मनात त्याचा अर्थ एकच असतो.

पाच जण आठच्या वर आले. पण ५ ते ७ मध्ये अकरा जण होते आणि मला तिथे खटकत होतं, कारण काहींनी उत्तरंच एका ओळीत दिली होती. लिहायचा कंटाळा म्हणून बाद करायचं का? त्यातल्या एखाद्यालाच फोन केला असता तर तो पक्षपात झाला असता, म्हणून अकराही जणांना फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, जो कागदावर लिहून समोर ठेवला होता: "नोंदींचं काम करायचात त्यातला एक दिवस सांगा." १८ आणि १९ ची संध्याकाळ त्यात गेली. दोघांचे गुण वाढून आठच्या वर गेले.

त्यातला एक अर्ज क्रमांक १७. त्याने लिहिलं होतं "अकाउंट काम केले आहे", त्याला एक, दुप्पट दोन, बाकी तीन, एकूण पाच. फोनवर म्हणाला की सिमेंटच्या दुकानात दोन वर्षं होतो, रोज चाळीसेक चलनं, संध्याकाळी गोण्या मोजून चलनाशी जुळवायच्या, नाही जुळलं तर घरी जायचं नाही. हे तीन. दुप्पट सहा, एकूण नऊ.

आणि क्रमांक ३१. वय, शिक्षण आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. उत्तर असं होतं, "नोकरी केली नाही. बचत गटाची सचिव सहा वर्षे. १२ महिला, दरमहा २०० रुपये बचत. बचतीचे, कर्जाचे आणि बैठकीचे रजिस्टर मी लिहिते. बँकेच्या पासबुकाशी दर महिन्याला टॅली करते. एकदा ६० रुपये फरक आला तो तीन दिवसांनी सापडला, व्याज दोनदा लिहिलेले." नोंदी ३, दुप्पट ६. गटाने जत्रेत पापड-चटणीचा स्टॉल लावला होता, हातमोजे, वेगळे डबे, त्याचे ३. लेखी उत्तराला २, कारण कधी मिळेल हे राहिलं होतं. एकूण ११, सगळ्यांत जास्त. मी आधीचाच "नोकरीचा अनुभव, पदवीधर" मसुदा ठेवला असता तर त्यांनी अर्जच केला नसता, हे त्यांनीच नंतर मला सांगितलं.

मामींच्या भाचीला चार गुण होते. वही उघडून नाव पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. मामींना मी स्वतः फोन केला, आठ गुण लागत होते, तिचे चार आहेत, नोंदींचं काम तिने केलेलं नाही. मामी दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरं." तारीख टाकलेला कागद होता म्हणून मला ते बोलता आलं, नाहीतर मी तिला नक्की चाचणीला बोलावलं असतं.

सातपैकी एकीला तोपर्यंत दुसरीकडे नोकरी लागली. सहा जणांची चाचणी २२ ते २४ फेब्रुवारी, दिवसाला दोघं, प्रत्येकाला येण्याजाण्यासकट २०० रुपये दिले. काम तेच, पाच ऑर्डरच्या चिठ्ठ्या, भरलेली पाकिटं कपाटात, पाच पार्सलं तयार करायची. वेळ मोजायची पण गुण चुकांवर. पाचात दोन चिठ्ठ्यांत मी मुद्दाम खोड ठेवली होती. एकीवर वर ५०० ग्रॅम आणि खाली पैशाचा हिशोब २५० ग्रॅमचा. दुसऱ्या चिठ्ठीवर नाशिकचा पत्ता आणि पिनकोड ४२२०० असा पाचच आकडी. सहापैकी चौघांनी पिनकोड तसाच उतरवला.

क्रमांक १७ ने २८ मिनिटांत संपवलं, सगळ्यात लवकर. ग्रॅमचं त्याने विचारलं. पिनकोड तसाच गेला आणि एका पाकिटाचा बॅच नंबर नोंदवायचा राहिला. क्रमांक ३१ ला ३८ मिनिटं लागली. त्या आधी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून नुसत्या वाचत बसल्या, मला वाटलं घाबरल्यात. मग दोन चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि म्हणाल्या, "ह्यात पैसे पाव किलोचे आहेत, विचारून घेते. आणि हा आकडा पाचच आहे, सहा लागतो ना?" बाकी तीन पार्सलं बिनचूक, लेबल सरळ, प्रत्येक पाकीट पुन्हा काट्यावर ठेवून बघितलेलं.

२६ ला त्यांना फोन केला. बाकी सगळ्यांना, म्हणजे अर्ज केलेल्या उरलेल्या ४५ जणांना, त्याच संध्याकाळी मेसेज पाठवला की या जागेसाठी निवड झाली नाही आणि का, वेळेमुळे की गुणांमुळे. सात जणांनी उलट मेसेज केला की कुणी कळवतच नाही हो. १७ क्रमांकाला मी सांगून ठेवलंय की सप्टेंबरमध्ये दिवाळीच्या कामाला दुसरा माणूस लागला तर पहिला फोन त्याला.

खर्च म्हणाल तर जाहिरात ६४०, प्रिंट १८०, चाचणीचे १,२००, वैद्यकीय तपासणी ३५०, एकूण २,३७० रुपये आणि आठ आठवडे.

४ मार्चला त्या रुजू झाल्या. शीट शिकायला चारऐवजी सहा दिवस लागले, कारण फोनवर रकाने बारीक दिसतात, मग जुना लॅपटॉप खाली आणला. पहिल्या आठवड्यात एकही पार्सल चुकलं नाही, दुसऱ्या आठवड्यात एक चुकलं, ते माझ्या हातून. त्याच आठवड्यात एके दिवशी कुरियरवाला सहा वाजून गेले तरी आला नाही आणि त्या दाराशी पर्स घेऊन उभ्या, म्हणाल्या, "ताई, कागदात लिहिलंय सहा. गाडी उशिरा आली तर थांबायचं का, आणि किती, ते लिहिलेलं नाही." खरंच नव्हतं. तिथेच वही काढून दोघींनी ठरवलं, साडेसहापर्यंत थांबायचं, त्याचे जादा पैसे, त्यापुढे पार्सलं मी देणार. त्यांनी ते वाचलं, तारीख घातली आणि खाली दोघींच्या सह्या घेतल्या, बचत गटाच्या रजिस्टरवर घेतात तशा.